रत्नागिरीहून दक्षिणेला वळा, गर्दी मागे राहील

गर्दीत ज्याचा जीव दमतो, त्याला सुट्टीसाठी दोनच पर्याय दिसतात. एक तर सगळे जातात तिथे मन मारून जायचं, नाहीतर खोलीत पुस्तक घेऊन पडायचं आणि दुसऱ्याच दिवशी कंटाळायचं. खरं तर रोज नवं काही पाहायला रोज मुक्काम हलवावा लागत नाही. गर्दी ओढणारं गणपतीपुळे रत्नागिरीच्या उत्तरेला. तुम्ही दक्षिणेचा, पावस-पूर्णगड-गावखडी-कशेळी हा सागरी रस्ता धरा आणि एकाच गावात चार रात्री राहा.

कशेळीच्या सड्यावर जांभ्या कातळात कोरलेला हत्ती सुमारे 18 मीटर लांब आहे, आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांची कितीतरी चित्रं आहेत! कोकणची कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्या यादीतल्या नऊ ठिकाणांपैकी आठ महाराष्ट्रात आणि एक गोव्यात आहे.

या शिल्पांचं वेळापत्रक एकट्या माणसाला फार सोयीचं. ऊन डोक्यावर आलं की कोरीव रेघा दिसेनाशा होतात, तिरप्या उन्हात मात्र सावली धरून उठून येतात. म्हणून सकाळी लवकर सड्यावर जायचं, दुपारी मुक्कामी जेवून आडवं व्हायचं आणि उन्हं कलली की पुन्हा बाहेर पडायचं. विश्रांती आपोआपच मिळते, कुणाला कारण सांगावं लागत नाही. शिल्पावर पाय मात्र ठेवू नका, कडेनेच फिरा.

दुसऱ्या दिवशी पूर्णगड. मुचकुंदी नदी समुद्राला मिळते तिथला हा किल्ला इतका लहान आहे की तो सावकाश पाहूनही दिवस हाती उरतो. मग पूल ओलांडून गावखडीच्या सुरूच्या बनात बसा. तिसऱ्या दिवशी राजापूरच्या बाजूला देवाचे गोठणे. तिथल्या कातळात कोरलेल्या मनुष्याकृतीवर होकायंत्र ठेवलं तर काटा भलतीच दिशा दाखवतो. असं काही पाहिल्यावर गप्पा मारायला सोबत कुणी नाही, याचं काही वाटत नाही.

खरी अडचण बहुतेकदा मुक्कामात येते. कोकणातल्या घरगुती मुक्कामात यजमान प्रेमाने चौकशी करतात आणि तीच काहींना दमवते. खोली ठरवताना फोनवरच तीन गोष्टी विचारा: खोलीला वेगळं दार आहे का, जेवण सगळ्यांबरोबर की आपल्या वेळेला, आणि त्या तारखांना एखादा मोठा ग्रुप येणार आहे का. तिसऱ्या प्रश्नाला ‘हो’ आलं तर तारीख बदला.

तारखांचं म्हणाल तर मंगळवार ते शुक्रवार उत्तम, नाताळचा आठवडा नको. कशेळीला कनकादित्याचं जुनं सूर्यमंदिर आहे आणि रथसप्तमीला तिथे मोठा उत्सव असतो. तेव्हा पंचांग पाहूनच गाडीचं आरक्षण करा.