मधल्या पायरीची उंची

कोळसा अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. तो तयार होताना किती उष्णता बाहेर पडते, हे थेट मोजणं मात्र अवघड. ऑक्सिजन कितीही बेताने सोडला तरी थोडा कार्बन डायऑक्साइड बनतोच आणि मोजमाप बिघडतं.

वाट काढता येते ती हेस यांच्या १८४० च्या नियमामुळे. सुरुवात आणि शेवट तेच असतील, तर कुठल्याही मार्गाने गेलात तरी एन्थाल्पीतला एकूण फरक तोच राहतो.

कागदावर एक आडवी रेघ वर काढा: एक मोल ग्रॅफाइट आणि एक मोल ऑक्सिजन. दुसरी तळाशी: कार्बन डायऑक्साइड. पूर्ण ज्वलनात ३९३.५ किलोज्यूल बाहेर पडतात, म्हणून दोन्हींतलं अंतर तेवढं. आता मोनॉक्साइड आणि उरलेला अर्धा मोल ऑक्सिजन यांची रेघ कुठे? मोनॉक्साइड जाळल्यावर २८३ किलोज्यूल मिळतात, हे मोजता येतं. म्हणजे ती तळापासून २८३ वर. वरच्या रेघेपासून तिथवरची उतरण ११०.५, म्हणून उत्तर उणे ११०.५ किलोज्यूल.

समीकरणं मांडून करायचं तर मोनॉक्साइडच्या ज्वलनाचं समीकरण उलटवावं लागतं आणि उणे २८३ चं अधिक २८३ होतं. विद्यार्थी हमखास घसरतात ते इथेच. चिन्ह बदलायचं राहिलं की उत्तर उणे ६७६.५ येतं. आकृती असेल तर चूक लगेच दिसते, कारण मधली रेघ तळाच्याही खाली जाते.