ऑप्शनची ऑर्डर सव्वानऊला नको

शेअर बाजार सकाळी सव्वानऊला उघडतो आणि अनेकांची ऑप्शनची ऑर्डर त्याच मिनिटाला जाते. ऑप्शनमध्ये हीच घाई महाग पडते, कारण त्या वेळी खरेदीदाराचा भाव (बिड) आणि विक्रेत्याचा भाव (आस्क) यांतली दरी, म्हणजे स्प्रेड, बरीच रुंद असते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका शेअरच्या कॉल ऑप्शनचा लॉट ५०० चा आहे. ९ वाजून १६ मिनिटांनी बिड ३८ रुपये आणि आस्क ४४ रुपये दिसतो. ४४ ला घेऊन लगेच ३८ ला विकायची वेळ आली, तर भाव जराही न हलता ३,००० रुपये जातात. सव्वादहाला तोच ऑप्शन ४०.५० आणि ४१.५० वर असेल, तर हाच तोटा ५०० रुपयांवर येतो. ब्रोकरेज आणि कर वेगळेच.

असे का होते? दोन्ही बाजूंनी भाव लावणारे व्यावसायिक व्यापारी ऑप्शन विकताच मूळ शेअर किंवा फ्युचर घेऊन आपली जोखीम झाकतात. सुरुवातीला रात्रभरच्या बातम्या पचवत शेअरचाच भाव हेलकावत असतो. चुकीच्या भावात अडकू नये म्हणून ते दरी रुंद ठेवतात आणि माल कमी लावतात. शेअर स्थिरावला की दरी आपोआप आवळते.

दुपारी तीननंतर कारण बदलते. नवा सौदा घेतला तर त्याची जोखीम रात्रभर सांभाळावी लागेल, म्हणून काही जण हात आखडता घेतात. त्यातच इंट्राडे सौदे मिटवणाऱ्यांची गर्दी होते. एक्स्पायरीच्या दिवशी शेअर थोडा हलला तरी ऑप्शनचा भाव उडी मारतो, त्यामुळे शेवटची मिनिटे आणखी बिकट.

म्हणून साधारण दहा ते अडीच हा काळ बरा. मात्र रिझर्व्ह बँकेचे पतधोरण सहसा दहालाच जाहीर होते. त्या दिवशी, विशेषतः बँकांच्या ऑप्शनमध्ये, आणखी थांबावे. निफ्टीच्या चालू भावाजवळच्या स्ट्राइकमध्ये दरी काही मिनिटांतच आवळते. उलट, लांबच्या स्ट्राइकमध्ये ती दिवसभर रुंदच राहू शकते. तिथे वेळ निवडून फारसे साधत नाही.

घड्याळापेक्षा मार्केट डेप्थ पाहणे महत्त्वाचे. दरी काही मिनिटे स्थिर आहे का, दोन्ही बाजूंना आपल्या लॉटपुरता माल आहे का, हे तपासावे. मग मार्केट ऑर्डर न टाकता मधल्या भावाला, इथे ४१ ला, लिमिट ऑर्डर लावावी. सौदा झाला नाही तर दहा-वीस पैशांनी वर सरकावे, पण आधी ठरवलेल्या मर्यादेपलीकडे जाऊ नये.

थांबण्यालाही किंमत आहे: तेवढ्यात भाव निसटू शकतो. हातातला तोटा थांबवायचा असेल तर दरी रुंद असली तरी बाहेर पडावे. नवा सौदा करताना मात्र ही घाई कोणी लादलेली नसते. तो पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत करूच नये.