दोन्ही बाजूंनी चालणारे यंत्र
फिनिशमध्ये दुकान म्हणजे ‘काउप्पा’ आणि दुकानात म्हणजे ‘काउपास्सा’. प्रत्यय लागताच जोड ‘प्प’चा साधा ‘प’ होतो. १९८३ मध्ये किम्मो कोस्केनिएमी यांनी मूळ रूप आणि लिहिले जाणारे रूप समोरासमोर ठेवून वर्णांच्या जोड्या तपासणारी पद्धत मांडली. मोजक्याच अवस्थांचे हे यंत्र एकेक जोडी वाचत पुढे सरकते. मूळ शब्द आणि प्रत्यय दिले की रूप तयार. रूप दिले की त्याची फोड मिळते.

नियम मात्र काटेकोर हवा. ‘शेवटचे अक्षर व्यंजनाने बंद झाले की प्प चा प’ एवढेच लिहिले, तर ‘आमचे दुकान’ हे ‘काउपाम्मे’ होते आणि ते साफ चूक आहे. फिनिश माणूस ‘काउप्पाम्मे’ म्हणतो, कारण मालकी दाखवणारे प्रत्यय हा बदल घडवत नाहीत. म्हणून त्या प्रत्ययाआधी एक अदृश्य खूण ठेवून नियमाला तिथे थांबवावे लागते.