दाव्याची फाईल (लेखांक ७) : औषधांची बिलं

क्लेम फॉर्मचा 'भाग ब', म्हणजे हॉस्पिटलने भरायचा भाग, या आठवड्यात घेणार होतो. पण साताऱ्याच्या एका वाचक भगिनींनी आपल्या अडकलेल्या फाईलच्या झेरॉक्स पाठवल्या आणि त्या चाळताना लक्षात आलं की औषधांच्या बिलांना स्वतंत्र लेखांक द्यायलाच हवा. 'भाग ब' पुढे ढकलतो.

त्यांच्या यजमानांचं पित्ताशयाच्या खड्याचं ऑपरेशन झालं. १२ जूनला ॲडमिट, १५ जूनला डिस्चार्ज. औषधांची बिलं पाच, बेरीज १४,२६० रुपये, आणि फॉर्ममध्येही तोच आकडा. टीपीएचं पत्र आलं : रक्कम जुळत नाही, एका बिलाला प्रिस्क्रिप्शन नाही. त्यांचा प्रश्न साधा होता, "सगळी बिलं तारखेने लावली होती, मग चुकलं कुठे?"

तारखेचा क्रम बरोबरच होता. पण औषधाच्या बिलाआधी ते मागवणारी डॉक्टरांची चिठ्ठी लागते. तपासणारा माणूस आधी चिठ्ठी वाचतो, मग बिलावरच्या नावांवर टिक करत जातो. त्यांनी चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा आणि बिलांचा दुसरा गठ्ठा केला होता. अशा फाईलमध्ये कुठली चिठ्ठी कमी आहे हे आपल्याला दिसत नाही, तपासणाऱ्याला मात्र दिसतं.

मी त्यांची बिलं जोड्यांनी मांडली. १२ तारखेचं ४,८७० चं आणि १३ तारखेच्या सकाळचं ३,९५० चं बिल, दोन्हींना चिठ्ठ्या होत्या. १३ च्या रात्री बाहेरच्या मेडिकलमधून आणलेलं २,३४० चं बिल मात्र एकटंच उरलं, कारण चिठ्ठी दुकानदाराने ठेवून घेतली होती. अशा वेळी मागच्या तारखेची नवी चिठ्ठी लिहून घेऊ नये. हस्ताक्षर आणि शाई चटकन ओळखू येते आणि सगळ्या फाईलवरच संशय येतो. त्या रात्रीची औषधं वॉर्डातल्या केसपेपरवर लिहिलेली असतात. त्या पानाची प्रत हॉस्पिटलच्या सही-शिक्क्यानिशी मागून घ्यायची आणि बिलाआधी लावायची.

१४ तारखेचं बिल २,१५० चं. त्याच्यामागे एक लहानसा कागद उलटा स्टेपल केलेला होता. तो परत केलेल्या सलाईन आणि इंजेक्शनांचा, १,१८० रुपयांचा. या परतीच्या पावतीवर मूळ बिलाचा नंबर छापलेला असतो. तिची जागा त्या बिलाच्या लगेच मागे, सुलटी, आणि अनुक्रमणिकेत रक्कम वजा चिन्हासह. बाईंनी ती रक्कम वजा केली नव्हती. फरक निघाला तो इथेच.

पाचवं बिल ९५० चं, १५ तारखेचं. ही घरी घेऊन जायची औषधं. त्यांची चिठ्ठी वेगळी नसते, डिस्चार्ज कार्डावर शेवटी लिहिलेली यादी हीच चिठ्ठी. मूळ कार्ड फाईलच्या सुरुवातीला असतं, म्हणून त्या पानाची झेरॉक्स इथे लावून कोपऱ्यात 'मूळ पान ६' असं लिहायचं. हे बिल मी डिस्चार्जनंतरच्या खर्चात धरतो. एका चिठ्ठीवर दोनदा औषधं आणली असतील तरी झेरॉक्सची हीच युक्ती चालते.

आता हिशेब : ॲडमिट असतानाची चार बिलं १३,३१०, परतीचे वजा केल्यावर १२,१३०, आणि नंतरचे ९५०. एकूण १३,०८०. क्लेम फॉर्मच्या 'भाग अ' मध्ये जोडलेल्या बिलांचा तक्ता असतो. त्यात औषधांची आणि डिस्चार्जनंतरची रक्कम वेगवेगळी येते, म्हणून अनुक्रमणिकेतही ती वेगळीच हवी. दोन्हीकडे एकच आकडा आला पाहिजे. ही औषधं हॉस्पिटलच्या मुख्य बिलातही धरलेली नाहीत ना, तेही पाहून घ्या. धरलेली असतील तर सुटी बिलं फक्त तपशील म्हणून लागतात, त्यांची रक्कम पुन्हा मांडायची नाही.

पान क्रमांक सगळ्यात शेवटी घाला, आणि अनुक्रमणिका त्याच्याही नंतर लिहा. आधी लिहिली की एखादा कागद मधे येतो आणि पुढचे सगळे आकडे खोडावे लागतात. मेडिकलच्या गुळगुळीत कागदावरची छपाई काही महिन्यांत पुसट होते, म्हणून त्या बिलाची झेरॉक्स पहिल्याच दिवशी काढून मूळ बिलामागे लावा.

बाईंनी आता सुधारित तक्ता आणि केसपेपरची प्रत टीपीएच्या पत्राला उत्तर म्हणून पाठवली आहे. तुमच्या घरचं कुणी ॲडमिट असेल तर मेडिकलच्या काउंटरवरून निघण्याआधी चिठ्ठी परत मागा. दुकानदाराला ती ठेवावीच लागत असेल तर मोबाईलवर फोटो काढा आणि त्याच दिवशी वॉर्डातून केसपेपरची प्रत मिळण्याची व्यवस्था विचारा. 'भाग ब' पुढच्या आठवड्यात.