राउटर नाही, तरी मोबाईलवरून थेट प्रिंट. सातबारा काढण्याची सोपी पद्धत

सातारा/सांगली : पीक कर्जासाठी बँकेत सातबारा हवा आहे. उतारा मोबाईलमध्ये आहे आणि दुकानात प्रिंटरही आहे, पण राउटर नाही. जत, आटपाडीपासून पाटण, जावळीपर्यंत अनेक गावांत ही अडचण येते. अशा वेळी प्रिंटरमधले ‘वाय-फाय डायरेक्ट’ कामाला येते. यात प्रिंटर स्वतःच छोटे वाय-फाय सोडतो. त्याला इंटरनेट नसते, फक्त कागद छापण्यापुरता तो फोनशी जोडला जातो.

आधी उतारा फोनमध्ये उतरवून घ्या

समजा, जतच्या एका शेतकऱ्याला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा हवा आहे. महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपये भरून तो मिळतो आणि त्यावर तलाठ्याच्या सही-शिक्क्याची गरज नसते. रेंज असतानाच ही पीडीएफ डाउनलोड करून एकदा उघडून बघावी. लिंक किंवा ड्राइव्हवर ठेवलेली फाइल नंतर उघडेलच असे नाही.

मग प्रिंटरशी जोडा

प्रिंटर सुरू करून फोनच्या वाय-फाय यादीत `DIRECT-` ने सुरू होणारे नाव शोधा. ते दिसत नसेल तर प्रिंटरच्या सेटिंगमध्ये वाय-फाय डायरेक्ट बंद असेल, किंवा प्रिंटर फक्त केबलवर चालणारा असेल. पासवर्ड प्रिंटरच्या स्क्रीनवर किंवा माहितीच्या पानावर छापून मिळतो. एचपीच्या अनेक प्रिंटरवर तो सुरुवातीला `12345678` असतो. दुकानदाराने तो बदललेला बरा, नाहीतर शेजारचा कुणीही प्रिंट काढू शकतो.

जोडल्यावर फोन ‘इंटरनेट नाही’ असे सांगेल. घाबरू नका, जोडलेले राहण्याचा पर्याय निवडा. मग पीडीएफ उघडून मेनूतील ‘प्रिंट’ दाबा, प्रिंटरचे नाव आणि ए-४ आकार निवडा, की कागद बाहेर येतो.

प्रिंटर सापडत नसेल तर

बहुतेक वेळा दोष मोबाईल डेटाचा असतो. वाय-फायला इंटरनेट नाही हे पाहून फोन डेटाकडे वळतो आणि प्रिंटर हातचा जातो. डेटा बंद करून पुन्हा प्रयत्न करा. तरीही नाव येत नसेल तर फोनमध्ये प्रिंट सेवा नसेल. अँड्रॉइडसाठी ‘मोप्रिया प्रिंट सर्व्हिस’ हे मोफत ॲप प्ले स्टोअरवर आहे, पण ते घेण्यासाठी इंटरनेट लागते. म्हणून ते घरूनच टाकून निघावे.

काही नव्या प्रिंटरना मात्र कंपनीच्या योजनेनुसार सतत इंटरनेट लागते. त्यामुळे नवा प्रिंटर घेताना दुकानातच मोबाईलचा डेटा बंद करून, राउटरशिवाय एक पान छापून बघावे.

काम झाल्यावर ते वाय-फाय सोडून डेटा पुन्हा सुरू करायला विसरू नका, नाहीतर व्हॉट्सॲप का चालत नाही, हे शोधत बसावे लागेल.