दोष माणसाचा की पद्धतीचा?

संगणकसेवा बंद पडली की चौकशी अहवालात बहुधा एकच वाक्य ठळकपणे येते : 'अमुक कर्मचाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे हा प्रकार घडला.' वाक्य खरे असले, तरी पुढचा अपघात टाळण्यास त्याचा उपयोग होत नाही. असा अहवाल दोषारोप टाळून कसा लिहावा, याचा वस्तुपाठ 'गिटलॅब' या कंपनीने २०१७ साली घालून दिला.

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅबच्या दुय्यम डेटाबेस सर्व्हरवर मुख्य सर्व्हरची नक्कल नीट उतरत नव्हती. दुय्यम सर्व्हरवरील माहिती पुसून ती नक्कल नव्याने घ्यायची होती. एका अभियंत्याने पुसण्याची आज्ञा दिली. मात्र ती मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांतच चूक ध्यानात आली, पण तोवर सुमारे ३०० गिगाबाइटपैकी जेमतेम ४.५ गिगाबाइट माहिती शिल्लक राहिली होती.

जुन्या धाटणीचा अहवाल येथेच संपला असता. मात्र 'अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर आज्ञा दिली' या वाक्याऐवजी 'आपण कोणत्या सर्व्हरवर आहोत, हे त्याला कसे कळणार होते?' असा प्रश्न घेतला, की चित्र पालटते. db1.cluster.gitlab.com आणि db2.cluster.gitlab.com या दोन नावांत फरक केवळ एका अंकाचा. यावर उपायही सुचतो : पडद्यावर प्रत्येक सर्व्हरची ओळख निराळ्या रंगात दाखवावी.

पुढचा प्रश्न अधिक गंभीर आहे. पुसलेली माहिती बॅकअपमधून का मिळाली नाही? बॅकअप घेणारी pg_dump ही प्रणाली 9.2 आवृत्तीची चालत होती आणि डेटाबेस 9.6 आवृत्तीचा होता. त्यामुळे बॅकअप होतच नव्हता. मग कोणाला कळले कसे नाही? बिघाडाची सूचना देणारे ईमेल पाठवणाऱ्याची ओळख पटत नसल्याने नाकारले जात होते. बॅकअप तपासून का पाहिला नाही? कारण ते काम कोणाकडेच सोपवलेले नव्हते. सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेली एक प्रत सुदैवाने उपलब्ध होती, म्हणून निभावले. त्यानंतरच्या नोंदी मात्र कायमच्या गेल्या.

दोषारोप टाळणे म्हणजे जबाबदारी झटकणे नव्हे. अभियंत्याची कृती अहवालात लिहावीच, पण तेथे थांबू नये. कसोटी सोपी आहे : त्या जागी दुसरा कुशल माणूस असता, तरी हेच घडले असते का? उत्तर 'होय' असेल, तर कारण अजून सापडायचे आहे. आणि 'यापुढे काळजी घ्यावी' हा उपाय नव्हे. कोणी, काय आणि कधीपर्यंत बदलायचे, हे लिहिले तरच अहवाल पूर्ण होतो.