फोटोतल्या उदाहरणातला पनेट चौकोन

पालकांची जनुकरूपे माहीत असतील तर संततीत कोणते प्रकार किती प्रमाणात अपेक्षित आहेत, हे पनेट चौकोनावरून काढता येते. ब्रिटिश आनुवंशशास्त्रज्ञ रेजिनल्ड पनेट यांचे नाव या चौकोनाला मिळाले. उदाहरण पुस्तकाच्या किंवा वहीच्या फोटोवरून सोडवायचे असेल, तर पहिले काम अक्षरे नीट वाचण्याचे. मोठे अक्षर प्रभावी गुणाचे आणि लहान अक्षर अप्रभावी गुणाचे असते. P आणि p हाताने लिहिल्यावर मात्र फरक केवळ आकाराचा उरतो आणि अंधूक फोटोत तोही दिसेनासा होतो.

वाटाण्याच्या फुलांच्या रंगाचे एक उदाहरण घेऊ. जांभळा रंग (P) प्रभावी आणि पांढरा (p) अप्रभावी आहे. प्रश्न असा: ‘जांभळ्या फुलांच्या दोन रोपांचा संकर केला, तेव्हा संततीत काही रोपांना पांढरी फुले आली. चौकोन पूर्ण करा आणि गुणोत्तरे लिहा.’ फोटोत चौकोनाच्या वरच्या बाजूला P आणि p स्पष्ट दिसतात. डाव्या बाजूचे पहिले अक्षर P आहे, दुसरे पुसट आहे. आतल्या घरांपैकी फक्त खालचे उजवे घर भरलेले असून त्यात pp आहे.

पुसट अक्षर अंदाजाने ठरवावे लागत नाही. चौकोनातल्या प्रत्येक घरात एक अक्षर वरून आणि एक डावीकडून येते. pp मधले एक p वरून आले, म्हणजे दुसरे डावीकडचेच. म्हणून पुसट अक्षर p आहे. प्रश्नाच्या मजकुरावरूनही हेच निघते. दोन्ही पालकांची फुले जांभळी आहेत, म्हणून प्रत्येकाकडे निदान एक P आहे. पांढऱ्या फुलांच्या रोपाला दोन p लागतात आणि ते दोन पालकांकडून एकेक मिळतात, म्हणून प्रत्येकाकडे एक p सुद्धा आहे. दोन्ही पालक Pp ठरतात. चौकोन आणि मजकूर यांचा मेळ बसला नसता, तर एखादे अक्षर चुकीचे वाचले गेले असे समजून फोटो पुन्हा पाहावा लागला असता.

आता उरलेली घरे भरता येतात.

| | P | p |
|---|---|---|
| P | PP | Pp |
| p | Pp | pp |

कडेला प्रत्येक खान्यात एकच अक्षर का, याचे उत्तर मेंडेलच्या विभक्तीकरणाच्या नियमात आहे. युग्मक तयार होताना जोडीतली दोन जनुके वेगळी होतात आणि एका युग्मकात एकच जाते. Pp रोपाची निम्मी युग्मके P ची, निम्मी p ची असतात. म्हणून प्रत्येक घराची शक्यता ½ × ½, म्हणजे ¼ येते.

जनुकरूपे मोजली तर PP एका घरात, Pp दोन घरांत आणि pp एका घरात आहे. जनुकरूपांचे गुणोत्तर 1 : 2 : 1. कोणते अक्षर कोणत्या पालकाकडून आले याने फरक पडत नाही, म्हणून pP असे लिहिलेले घरही Pp मध्येच मोजायचे. ते वेगळे धरले की गुणोत्तर 1 : 1 : 1 : 1 असे चुकते.

व्यक्तरूप म्हणजे प्रत्यक्ष दिसणारा गुण. एक P असला तरी फूल जांभळे होते, म्हणून PP आणि Pp एकाच गटात येतात: जांभळी 3, पांढरी 1. ही पायरी प्रभावीपणावर अवलंबून आहे. गुलबाक्षीच्या लाल आणि पांढऱ्या फुलांच्या संकरात अपूर्ण प्रभाविता दिसते. मिश्र जनुकरूपाची फुले गुलाबी होतात. अशा दोन गुलाबी रोपांच्या संकराचा चौकोन हुबेहूब वरच्यासारखाच भरतो, पण व्यक्तरूपांचे गुणोत्तर लाल, गुलाबी, पांढरी 1 : 2 : 1 असे येते. म्हणून फोटोत प्रश्नाचा वरचा भाग कापला गेला असेल आणि कोणता गुण प्रभावी हेच दिसत नसेल, तर नुसत्या चौकोनावरून व्यक्तरूपांचे गुणोत्तर सांगता येत नाही.

3 : 1 याचा अर्थ दर चार रोपांत एक पांढरे असतेच, असा नाही. प्रत्येक रोपाची शक्यता स्वतंत्र असते. चारही रोपे जांभळी निघण्याची शक्यता ¾ चार वेळा गुणून 81/256, म्हणजे जवळजवळ 32 टक्के येते. रोपांची संख्या वाढली की प्रमाण अपेक्षित गुणोत्तराच्या जवळ येते. मेंडेलने फुलांच्या रंगासाठी मोजलेल्या 929 रोपांपैकी 705 जांभळ्या आणि 224 पांढऱ्या फुलांची होती; हे प्रमाण 3.15 : 1 भरते.